सोडियमची पिवळी रेषा दुभंगत का नाही? प्रिझमची विभेदन क्षमता मोजताना पाया, काच आणि फट यांचा हिशेब

बी.एस्सी.च्या प्रयोगवहीत हा प्रयोग बहुतेक वेळा एका ओळीत संपतो: प्रिझमच्या पायाची लांबी t फूटपट्टीने मोजली, आलेखावरून dμ/dλ काढला, दोघांचा गुणाकार केला, उत्तर ३६००. मग टेलिस्कोपला डोळा लावला तर सोडियमची पिवळी रेषा एकच दिसते. तिच्या दोन रेषा वेगळ्या दिसायला जेमतेम १००० विभेदन क्षमता पुरते, आणि वहीत तर ३६०० लिहिलेले आहे. सूत्रही बरोबर आहे आणि डोळाही. चूक आहे ती सूत्रातल्या t चा अर्थ लावण्यात, आणि कॉलिमेटरच्या फटीत. नांदेड-लातूरपासून बीड-हिंगोलीपर्यंतच्या महाविद्यालयांत जे साधे स्पेक्ट्रोमीटर असतात, त्यांच्यावरच हा प्रयोग असा करता येतो की पायाचा आणि काचेचा परिणाम वेगवेगळा मोजून दिसेल. त्याची पद्धत इथे सविस्तर दिली आहे.

सूत्र कुठून येते

दोन जवळच्या तरंगलांबींच्या रेषा कधी वेगळ्या मानायच्या याची कसोटी लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्ये मांडली. प्रत्येक रेषा ही फटीची प्रतिमा असते, पण विवर्तनामुळे ती थोडी पसरते. एका रेषेचा मधला उजेड जिथे आहे तिथेच दुसरीचा पहिला अंधार पडला, तर त्या दोन रेषा 'नुकत्याच वेगळ्या' झाल्या असे धरायचे. आयताकृती झरोक्यातून प्रकाश येत असेल आणि दोन्ही रेषा सारख्याच तेजस्वी असतील, तर या स्थितीत मधल्या दरीत शिखराच्या सुमारे ८१ टक्के उजेड उरतो. म्हणजे दरी उथळ असते, पण सरावलेल्या डोळ्याला ती दिसते.

आता प्रिझम किमान विचलनाच्या स्थितीत आहे असे धरा. शिरोकडेला लागून जाणारा किरण काचेतून जवळजवळ जातच नाही. पायालगतचा किरण मात्र t इतकी काच ओलांडतो. एका तरंगलांबीसाठी दोन्ही वाटा प्रकाशाच्या हिशेबाने सारख्या असतात. तरंगलांबी dλ ने बदलली की काचेचा अपवर्तनांक dμ ने बदलतो, आणि पायाकडच्या वाटेत t·dμ इतका फरक पडतो. शिरोकडेच्या वाटेत काहीच बदलत नाही. त्यामुळे बाहेर पडणारी तरंगआघाडी किंचित कलते. झोताची रुंदी a असेल तर हा कल t·dμ/a. विवर्तनाचा पसरट कोन λ/a. दोन्ही सारखे झाले की रॅलेची अट पूर्ण होते:

```
t·dμ / a = λ / a
R = λ/dλ = t · (dμ/dλ)
```

दोन्ही बाजूंचा a कटतो, आणि सगळी मजा इथेच आहे. शिरोकोन मोठा घेतला तर रंग जास्त फाकतात, पण पाया तोच ठेवला तर झोत तितकाच अरुंद होतो आणि प्रत्येक रेषा तितकीच जाड होते. म्हणून ४५ अंशाचा आणि ६० अंशाचा प्रिझम, काच एक आणि पाया एक असेल तर, विभेदनात सारखेच. प्रिझमची उंची तर सूत्रात कुठेच नाही. उंच प्रिझमने रेषा उजळ होतात, वेगळ्या होत नाहीत.

सूत्रातला t म्हणजे प्रिझमच्या पायाची लांबी नाही, हे मात्र मनात पक्के करायला हवे. झोताच्या एका कडेचा किरण काचेतून जितका जातो त्यातून दुसऱ्या कडेच्या किरणाची काच वजा करायची, तो फरक म्हणजे t. झोताने प्रिझमचा अख्खा पृष्ठभाग व्यापला तरच तो पायाइतका होतो. अर्धा पृष्ठभाग उजळला तर t निम्मा, मग पाया कितीही लांब असो.

काचेकडून काय हवे

'अपवर्तनांक जास्त, म्हणजे विभेदन जास्त' अशी समजूत सर्रास दिसते. ती चुकीची आहे, आणि ती खोडून काढायला काचेच्या यादीतली एकच जोडी पुरते. शॉट या जर्मन काच कंपनीच्या यादीतली F2 ही फ्लिंट काच आणि SK16 ही बेरियमयुक्त क्राउन काच, दोघींचा अपवर्तनांक पिवळ्या प्रकाशात १.६२०. तीन दशांशांपर्यंत फरक नाही. पण निळ्या F रेषेपासून तांबड्या C रेषेपर्यंत F2 चा अपवर्तनांक ०.०१७१ ने बदलतो, SK16 चा ०.०१०३ ने. एकाच मापाचे दोन प्रिझम बनवले तर दोन्ही प्रकाश सारखाच वळवतील, पण F2 ची विभेदन क्षमता सुमारे दीडपटीहून जास्त निघेल. वळवणे हे μ चे काम आहे, रेषा सोडवणे हे dμ/dλ चे.

प्रयोगशाळेत सहसा दोन प्रकारचे प्रिझम सापडतात. एक साध्या क्राउन काचेचा, μ सुमारे १.५१७. दुसरा जड, किंचित पिवळसर झाक असलेला, ज्याला सगळे 'ई.डी.एफ.' म्हणतात, म्हणजे अतिघन फ्लिंट, μ सुमारे १.६४८. सोडियमच्या तरंगलांबीला क्राउनचा dμ/dλ सेंटिमीटरमागे सुमारे ४१५ असतो, ई.डी.एफ.चा सुमारे ९६०. सोडियमच्या D रेषा ५८९.०० आणि ५८९.५९ नॅनोमीटरला आहेत, फरक जवळपास ०.६, म्हणून लागणारी R सुमारे ९८७. ई.डी.एफ.मध्ये यासाठी साधारण १ सेंटिमीटर पाया पुरतो, क्राउनमध्ये २.४ सेंटिमीटर लागतो. २५ मिलिमीटर पायाचा क्राउन प्रिझम घेऊन सोडियम सोडवायला बसलात, तर जमण्याची शक्यता अगदी काठावरची आहे. कपाटातून प्रिझम काढतानाच कोणता आहे ते बघून घ्या.

सोडियम आधी, पारा नंतर

प्रयोगात प्रिझमसमोरचा झरोका अरुंद करत जायचा आणि दोन रेषा नुकत्याच मिसळतात ती रुंदी मोजायची. या मोजमापासाठी सोडियमची जोडी निवडण्याचा मोह होतो, पण मोजायला पाऱ्याची पिवळी जोडी चांगली. ती ५७६.९६ आणि ५७९.०७ नॅनोमीटरला आहे, फरक २.११, म्हणजे लागणारी R = ५७८.०/२.११ = २७४. दोन्ही रेषा जवळपास सारख्याच तेजस्वी असतात, आणि रॅलेची कसोटी सारख्या तेजाच्या रेषांसाठीच आहे. सोडियममध्ये ५८९.०० ची D₂ ही ५८९.५९ च्या D₁ पेक्षा ठळक. शिवाय दिवा पूर्ण तापला की त्याचीच वाफ स्वतःचा प्रकाश शोषते आणि रेषा जाड होतात. त्यामुळे 'नुकत्याच मिसळल्या' हा क्षण पकडणे अवघड जाते.

मात्र सोडियमचा दुसरा उपयोग आहे. पूर्ण उघड्या झोताने ई.डी.एफ.मधून सोडियमच्या दोन रेषा स्वच्छ वेगळ्या दिसल्या, तर तुमचे फोकस आणि तुमची फट दोन्ही ठीक आहेत याची ती पावतीच. ती मिळाल्याशिवाय पाऱ्याकडे जाऊ नका. नाहीतर पुढे रेषा मिसळतील त्या झरोक्यामुळे की जाड फटीमुळे, हे कळणारच नाही.

फटीचा हिशेब

बहुतेकांचा प्रयोग बिघडतो तो इथे, म्हणून आकडे नीट बघू. ई.डी.एफ.च्या ६० अंशाच्या प्रिझममधून सोडियमच्या दोन रेषांमधला कोन निघतो सुमारे २१ सेकंद. व्हर्निअर अर्ध्या मिनिटापर्यंत वाचतो, म्हणजे हा फरक त्याच्यावर मोजताच येत नाही, फक्त डोळ्याने बघता येतो. कॉलिमेटरचे नाभीय अंतर १८ सेंटिमीटर धरले, तर २१ सेकंद म्हणजे फटीच्या जागी ०.०१८ मिलिमीटर. फटीची रुंदीच एवढी असेल, तर दोन प्रतिमा एकमेकींना चिकटून एकच पट्टा होतो. प्रिझम कितीही मोठा आणला तरी तो पट्टा सुटणार नाही.

फट ०.००५ मिलिमीटरच्या आसपास असेल तर सोडियम छान सुटतो. एवढे माप फटीच्या स्क्रूवर वाचता येत नाही. म्हणून युक्ती अशी: टेलिस्कोपमधून बघत फट पूर्ण बंद करा, उजेड गेला की स्क्रू उलट दिशेला अगदी हळू फिरवा, आणि रेषा पहिल्यांदा दिसते तिथे थांबा. डोळ्याला ती मंद वाटेल. खोली अंधारी करा, पाच मिनिटे डोळे सरावू द्या, पण फट वाढवू नका.

फट इतकी अरुंद केली की वर्णपटात आडव्या काळ्या रेघा दिसायला लागतात. त्या वर्णपटाच्या रेषा नव्हेत. फटीच्या पात्यांमध्ये अडकलेली धूळ आहे ती. मार्च ते मे या महिन्यांत आपल्याकडच्या प्रयोगशाळांत हे रोजचेच. फट थोडी उघडून काडेपेटीच्या काडीचे टोक पाचरीसारखे तासा आणि पात्यांच्या मधून एकदाच वरून खाली फिरवा. पिन किंवा ब्लेड वापरू नका. पात्याला एक खाच पडली की ती फट विभेदनाच्या प्रयोगासाठी बाद.

जुळवणी

टेबल आणि प्रिझम टेबल स्पिरिट लेव्हलने समतल करा, क्रॉसवायर स्वच्छ दिसेल अशी आयपीस सरकवा. याहून जास्त वेळ समांतर झोताला द्या, कारण कॉलिमेटरमधून झोत समांतर निघाला नाही तर किमान विचलनाबाहेर प्रत्येक रेषा फिस्कटते.

दूरची वस्तू बघून फोकस करणे हे केवळ सुरुवातीला. खरे फोकस शुस्टरच्या पद्धतीने प्रिझमवरच करायचे. प्रिझम ठेवून किमान विचलनाची जागा शोधा, आणि टेलिस्कोप तिथून थोडा जास्त विचलनाच्या बाजूला सरकवून पक्का करा. आता प्रिझम टेबल फिरवले की रेषा क्रॉसवायरवर दोन ठिकाणी येते. एका ठिकाणी ती रुंद दिसते, दुसऱ्या ठिकाणी अरुंद. रुंद दिसते तिथे कॉलिमेटरचा स्क्रू फिरवून रेषा धारदार करा, अरुंद दिसते तिथे टेलिस्कोपचा. कारण असे: ज्या स्थितीत किरण कमी कोनातून आत शिरतो, त्या स्थितीत प्रिझम कॉलिमेटरची चूक मोठी करून दाखवतो, म्हणून ती तिथेच दुरुस्त करायची. दुसऱ्या स्थितीत ती चूक लहान होते, म्हणून उरलेला धूसरपणा टेलिस्कोपचा. नेमके उलटे केले तर प्रत्येक फेरीला फोकस बिघडत जाते, आणि विद्यार्थी अर्धा तास स्क्रू फिरवत बसतात. तीन-चार फेऱ्यांत दोन्हीकडे रेषा धारदार राहिली की काम झाले.

मग फट उभी करा, म्हणजे प्रिझमच्या शिरोकडेला समांतर. यासाठी सोडियमची जोडीच बघत फट तिच्या नळीत किंचित डावी-उजवी फिरवा. एका जागी दोन रेषांमधली काळी दरी सगळ्यात खोल दिसते, तिथे थांबा.

शेवटी पिवळ्या प्रकाशासाठी पुन्हा किमान विचलनावर या. हिरव्या रेषेसाठी लावलेले किमान विचलन पिवळ्यासाठी चालवून घेऊ नका. आणि दिवा प्रिझमपासून दूर ठेवा. तापलेल्या दिव्याशेजारी प्रिझमची एक बाजू गरम झाली की काच सगळीकडे सारखी राहत नाही, आणि रेषेच्या एका बाजूला पिसारा फुटल्यासारखा दिसतो.

झरोका

प्रयोगाचा गाभा म्हणजे झोताची रुंदी मोजून कमी करत जाणे. मायक्रोमीटरची फट असेल तर ती कॉलिमेटर आणि प्रिझम यांच्या मध्ये, प्रिझमजवळ उभी बसवा, आणि पाती पूर्ण मिटल्यावरचे शून्याचे रीडिंग आधी लिहून ठेवा. ते शून्य नसतेच. मायक्रोमीटर नसेल तर दाढीचे ब्लेड मधून तोडा. जाड पुठ्ठ्यात खिडकी कापून त्यावर दोन अर्धी ब्लेडे धारा समोरासमोर ठेवून चिकटवा. १.०, १.३, १.६, २.० मिलिमीटर अशा चार-पाच पट्ट्या बनवा आणि प्रत्येकीची खरी रुंदी ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने वर, मध्ये आणि खाली मोजा. तिन्ही रीडिंगे जुळत नसतील तर धारा समांतर नाहीत.

झोताची रुंदी a पासून काचेतला t असा निघतो:

```
t = 2a·sin(A/2) / cos[(A + δ)/2]
```

A म्हणजे शिरोकोन, δ म्हणजे किमान विचलनाचा कोन. A = ६०° असेल तर 2·sin(A/2) चे उत्तर १ येते आणि t म्हणजे a भागिले cos[(A+δ)/2] एवढेच उरते. हा संबंध किमान विचलनापुरताच खरा आहे. त्यापासून सरकलात तर झरोका प्रिझमच्या आधी ठेवला की नंतर यानेही उत्तर बदलेल.

एक पूर्ण उदाहरण

ई.डी.एफ.चा प्रिझम, पाया ३८ मिलिमीटर, A = ६०°. पाऱ्याच्या रेषांसाठी अशा काचेचे किमान विचलन आणि अपवर्तनांक असे येतात: निळी ४३५.८ ला ५३°३०′, μ = १.६७२५, हिरवी ५४६.१ ला ५१°२४′, μ = १.६५२२, पिवळ्या जोडीच्या मध्यावर, ५७८.० ला, ५१°०२′, μ = १.६४८६. जांभळी ४०४.७ ही ५४°३२′ ला येते, μ = १.६८२३.

dμ/dλ काढायला सगळे बिंदू μ विरुद्ध 1/λ² असे मांडून एक सरळ रेषा ओढायची आणि तिच्या चढाला B म्हणायचे, ही नेहमीची रीत. मग dμ/dλ चे मूल्य 2B/λ³. घन फ्लिंटला ही रीत फसवते. जांभळीपासून पिवळीपर्यंत एकच रेषा ओढली तर B = ०.०१०८ वर्ग-मायक्रोमीटर, आणि ५७८ ला dμ/dλ सेंटिमीटरमागे सुमारे ११२० निघतो. खरे मूल्य १०२० च्या आसपास आहे. दहा टक्क्यांची चूक केवळ आलेखातून आली, कारण या काचेत 1/λ² सोबत पुढचे पदही जाणवते आणि आलेख जांभळ्याकडे वर वाकतो. म्हणून सरळ रेषा ओढण्याऐवजी बिंदूंमधून सुरेख वक्र काढा आणि ५७८ जवळ स्पर्शिका घ्या. हिरवी आणि पिवळी एवढ्या दोनच बिंदूंमधला चढ घेतला तर B = ०.००९९ आणि उत्तर १०३० च्या जवळ येते. पण या दोन रेषांच्या विचलनात फरक फक्त २२ मिनिटांचा. त्यात एका मिनिटाची चूक झाली तर चार-पाच टक्के गेले. दोन्ही व्हर्निअर वाचून सरासरी घेतल्याशिवाय हा मार्ग धरू नका. क्राउनमध्ये हा वाक खूप कमी, तिथे सरळ रेषा चालते.

आता झरोका. २७४ ला १०२१ ने भागले तर लागणारा t = ०.२६८ सेंटिमीटर, म्हणजे २.६८ मिलिमीटर. (६०° + ५१°०२′)/२ = ५५°३१′, त्याचा कोज्या ०.५६६, म्हणून a = २.६८ × ०.५६६ = १.५२ मिलिमीटर. एवढ्या झरोक्याशी पाऱ्याची पिवळी जोडी नुकती मिसळायला हवी. ३८ मिलिमीटरच्या प्रिझममधली फक्त पावणेतीन मिलिमीटर काच इथे कामाला येते.

मोजताना झरोका मोठ्याकडून लहानाकडे आणा आणि दरी दिसेनाशी होते ते रीडिंग लिहा. मग लहानाकडून मोठ्याकडे न्या आणि दरी पुन्हा उमटते ते लिहा. दोन्हींची सरासरी घ्या. असे सहा-सात वेळा करा, आणि जमल्यास दोन माणसांनी एकमेकांचे रीडिंग न बघता करा. झरोका लहान होताना उजेडही कमी होतो, त्यामुळे रेषा मिसळल्या की नुसत्या मंदावल्या, हे ओळखायला सराव लागतो. मिसळलेल्या रेषा एका जाड पट्ट्यासारख्या दिसतात. मंदावलेल्या रेषांमध्ये दरी टिकून असते, नजर थोडी बाजूला केली की ती दिसते.

उत्तर कसे वाचायचे तेही ठरवून ठेवा. मिसळण्याची रुंदी १.५ च्या जवळपास आली तर उपकरण विवर्तनाच्या मर्यादेवर चालते आहे. ती १.२ आली तर t = २.१२ मिलिमीटर आणि R = २१६ निघेल, म्हणजे तुमचा डोळा रॅलेपेक्षा उथळ दरीही ओळखतो आहे. हे होते, आणि ती चूक मानू नये. पण ती २.२ आली, म्हणजे R ३९७ निघाली, तर २७४ च्या कामाला ३९७ ची काच लागते आहे. उरलेले कुठेतरी वाया जाते. बहुतेक वेळा फट जाड असते, त्याखालोखाल फोकस. फट आणखी मिटवून पुन्हा बघा. रुंदी खाली आली तर दोष तिचाच होता.

पाया आणि काच वेगवेगळे तपासणे

पायाचा परिणाम बघायला झरोका प्रिझमच्या पृष्ठभागावर आडवा सरकवा. आधी शिरोकडेजवळ, मग मध्यावर, मग पायाजवळ. तिन्ही ठिकाणी मिसळण्याची रुंदी सारखीच यायला हवी. पायाजवळ काच जाड आहे म्हणून तिथे विभेदन जास्त, असे वाटते, पण मोजल्यावर तसे निघत नाही, कारण दोन कडांच्या काचेतला फरकच मोजला जातो. या तीन रीडिंगांनी जे कळते ते पानभर सिद्धतेनेही कळत नाही, म्हणून ती कधी गाळू नका. पायाजवळचे रीडिंग एकदम बिघडले तर प्रिझमची कड टवकलेली आहे का किंवा काचेत रेघा आहेत का ते बघा.

काचेचा परिणाम बघायला ई.डी.एफ. काढून क्राउन बसवा आणि किमान विचलन नव्याने लावा. μ १.५१७ असेल तर ते साडे-अडतीस अंशांच्या थोडे वर येते. ५७८ ला क्राउनचा dμ/dλ सुमारे ४३७, म्हणून t = ६.२७ मिलिमीटर आणि a = ४.१ मिलिमीटर. झरोक्यांचे प्रमाण १.५२ ला ४.१, म्हणजे २.७, तर dμ/dλ चे प्रमाण १०२१ ला ४३७, म्हणजे २.३४. ही तफावत बघून प्रयोग चुकला असे समजू नका. क्राउनमधून किरण कमी तिरपा जातो, म्हणून तेवढ्याच काचेसाठी त्याचा झोत रुंद असतो. a ची तुलना न करता t ची करा. ६.२७ भागिले २.६८ बरोबर २.३४.

एकाच काचेची क्षमताही रंगागणिक बदलते. ई.डी.एफ.चा dμ/dλ निळ्या ४३५.८ ला पिवळ्याच्या तुलनेत सुमारे २.७ पट असतो. म्हणून उत्तर लिहिताना 'प्रिझमची विभेदन क्षमता इतकी' एवढेच लिहू नका, कोणत्या तरंगलांबीला ते सोबत लिहा.

अख्खा पाया का कामी येत नाही

आता पहिल्या प्रश्नाकडे. ३८ मिलिमीटर पाया गुणिले ९६० म्हणजे ३६४८, हे सोडियमजवळचे कमाल मूल्य. ते प्रत्यक्षात मिळवायचे तर झोत २१.५ मिलिमीटर रुंद हवा, आणि कॉलिमेटर व टेलिस्कोपच्या भिंगांनी तो कापता कामा नये. आयपीस काढून टेलिस्कोपच्या नळीतून सरळ बघा. भिंगाचा उजळलेला भाग एका बाजूने चिरलेला दिसला तर प्रिझम टेबलावर सरकवून झोताच्या मध्ये आणा. पण झोत पूर्ण मिळाला तरी या रुंदीला विवर्तनाचा पसारा १८ सेंटिमीटर नाभीय अंतरावर फक्त ०.००५ मिलिमीटर असतो. फट त्याच्याही पाव असायला हवी. एवढी अरुंद फट या उपकरणात ना टिकते ना तिच्यातून दिसण्याजोगा प्रकाश येतो. म्हणून वहीतला ३६०० हा काचेचा आकडा आहे, तुमच्या स्पेक्ट्रोमीटरचा नव्हे. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा.

वीज गेली तर

तापलेला पाऱ्याचा दिवा एकदा विझला की लगेच पेटत नाही. आतला दाब उतरेपर्यंत काही मिनिटे थांबावे लागते. चोकचे बटण पुन्हा पुन्हा दाबून उपयोग नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत हा वेळ वाया घालवण्यापेक्षा कॉलिमेटर खिडकीबाहेरच्या उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा. थेट सूर्याकडे कधीही नाही. फट अरुंद आणि फोकस बरोबर असेल, तर पिवळ्या पट्ट्यात दोन काळ्या रेघा शेजारी शेजारी दिसतील. सूर्यप्रकाशातून सोडियमने शोषलेल्या त्याच D₁ आणि D₂. दिव्याच्या वाफेचा दोष त्यांच्यात नाही. ई.डी.एफ.मध्ये झरोका ५.८ मिलिमीटरच्या आसपास आणला की त्या मिसळून एक व्हायला हव्यात. दिवा पुन्हा पेटेपर्यंत हे रीडिंग घेऊन ठेवले, तर पाऱ्याच्या १.५२ सोबत ताडून बघायला दुसरा आकडा हातात येतो.